पैसे कटले, पण फॉर्म `Unpaid`: शुल्क शाखेस इंदूरहून खुले पत्र

प्रति,
परीक्षा शुल्क शाखेचे अधिकारी आणि त्यांच्यासाठी पोर्टल चालवणारी मंडळी

स. न. वि. वि.

तुमच्या संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की उत्तर जनसंपर्कवाले देतात, आणि मला ते तुमच्या टेबलावरून हवे आहे. शिवाय ज्या प्रकाराबद्दल लिहितो आहे तो एकाच कार्यालयातला नाही, हे दुकानात बसून रोज दिसते.

दुकान माझे नाही, भाच्याचे. मी राहतो रामबागेत. बँकेत एकतीस वर्षे काढली, त्यातली शेवटची नऊ ताळमेळाच्या टेबलावर. निवृत्तीनंतर दुपारी झोप लागत नाही, म्हणून भंवरकुआंजवळच्या त्याच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जाऊन बसतो. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि शेवटच्या तारखेला रस्त्यापर्यंत गेलेली रांग. आमच्या इंदुरी मराठीत पैसे जात नाहीत, 'कटतात'. "काका, पैसे कटले, पण पेड नाही दाखवत आहे," हे वाक्य फॉर्मच्या दिवसांत मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता पोरगा दारात चप्पल काढताना त्याचा चेहरा बघूनच कळते.

मागच्या महिन्यात तुमच्या एका फॉर्मची शेवटची तारीख शनिवारी होती. चौथा शनिवार, म्हणजे बँका बंद, आणि दुसरा दिवस रविवार. आमच्याच गल्लीतली एक मुलगी रात्री नऊनंतर दुकानात आली. फी ५६० रुपये. तिच्या खात्यात तेवढे नव्हते, म्हणून तिने कॉम्प्युटरवर उघडलेल्या क्यूआरचा फोटो वडिलांना पाठवला. वडील कापड बाजारात मुनीम आहेत, शनिवारी हिशेब लावून उशिराच निघतात. क्यूआर उघडला ९ वाजून ३१ मिनिटांनी. पानावर पाच मिनिटांचे घड्याळ उलटे चालू. वडिलांनी फोटो उघडला, स्कॅन केला, पिन टाकला, बँकेचे चक्र फिरत राहिले. ९.३६ ला तुमच्या पानावरचे घड्याळ संपले आणि पान उडाले. ९.३७ ला वडिलांच्या खात्यातून ५६० रुपये वजा झाले.

तुमच्या पोर्टलवर `Payment Status: Unpaid`. खाली निळे बटण, `Pay Now`.

पोरीने ते बटण दाबले. पैसे भरायला नाही, नुसते काय होते ते बघायला. नवा क्यूआर उघडला, ती घाबरली आणि तिने पान बंद केले. या एका दाबण्याने पुढचा आठवडा खाल्ला. तो कसा, हे सांगायला आधी दुसऱ्या दिवशीच्या पडताळणीचे काम कसे चालते ते लिहावे लागेल. तुम्हाला ते पाठ आहे, पण हे पत्र खुले आहे आणि रांगेतले आईबापही ते वाचतील.

उमेदवार पैसे भरायला निघतो तेव्हा पोर्टल त्या प्रयत्नाला एक ऑर्डर क्रमांक देते आणि तो क्रमांक पेमेंट गेटवेकडे, म्हणजे बँक आणि पोर्टल यांच्यामध्ये पैसे वळते करणाऱ्या कंपनीकडे, पाठवते. ऑर्डर क्रमांक माणसाचा नसतो, अर्जाचाही नसतो, त्या एका प्रयत्नाचा असतो. पैसे वळते झाले की गेटवे दोन वाटांनी निरोप धाडतो. एक वाट उमेदवाराच्या ब्राउझरमधून जाते: बँकेचे पान मिटते आणि तो परत तुमच्या पानावर येऊन पोचतो. दुसरी थेट गेटवेच्या सर्व्हरकडून तुमच्या सर्व्हरकडे. नेट गेले, टॅब बंद झाली किंवा घड्याळ संपले की पहिली वाट तुटते. शेवटच्या रात्री तुमचा सर्व्हर गर्दीने दमलेला असतो, किंवा त्याने त्या ऑर्डरवर आधीच फुली मारलेली असते, तेव्हा दुसऱ्या वाटेने आलेला निरोपही दारातच पडून राहतो. पैसे पोचले, पण ते पोचल्याचा निरोप पोचला नाही, अशी ही अवस्था.

तिसरी सोय अशी, की पोर्टल स्वतः गेटवेला विचारू शकते: अमुक ऑर्डरचे काय झाले? तुमच्याकडचे `Verify Payment` बटण हेच करते. आणि या सगळ्यांतून जे निसटते त्यासाठी दुसऱ्या दिवशीची पडताळणी. गेटवे आदल्या दिवशीच्या यशस्वी व्यवहारांची फाइल देतो: ऑर्डर क्रमांक, बँकेचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ. पैसे मात्र तुमच्या खात्यात एकगठ्ठा जमा होतात. त्या गठ्ठ्यात या पोरीचे ५६० वेगळे दिसत नाहीत. फाइलीतल्या ओळींची बेरीज गठ्ठ्याशी जुळवायची आणि मग एकेक ओळ पोर्टलच्या नोंदीशी. फाइलीत आहे पण पोर्टलवर `Unpaid`, अशी ओळ सापडली की तिला `Paid` करायचे. आम्ही चेकचे गठ्ठे असेच जुळवायचो, फक्त हाताने आणि लाल पेन्सिलीने.

यात एक गोष्ट मला खटकते. व्यवहार यशस्वी झाला की नाही हे गेटवेला त्याच क्षणी कळलेले असते. बँकेचा कामाचा दिवस लागतो तो गठ्ठा खात्यात यायला. तुम्ही दोन्ही एकत्र बांधता, म्हणून शनिवारी रात्री भरलेली फी 'दुसऱ्या दिवशी' म्हणजे सोमवारी दुपारी दिसते. हिशेबासाठी गठ्ठ्याची वाट जरूर पहा. पण पोराच्या पानावर `Paid` लिहायला त्याची गरज नाही. न जुळलेल्या ऑर्डरींची यादी घेऊन दर अर्ध्या तासाने गेटवेला विचारणारा छोटासा प्रोग्राम रविवारीही चालू शकतो.

तर सोमवार. त्या शनिवारी आमच्या दुकानातून भरलेले चार फॉर्म अडकले होते. दुपारी बाराच्या सुमारास तीन `Paid` झाले. ही पोर राहिली. भाच्याने `Verify Payment` दाबले. उत्तर आले, `No successful transaction found`. हेल्पलाइनवर अर्धा तास थांबल्यावर सांगितले गेले की पाच दिवसांत पैसे आपोआप खात्यात परत येतील.

वडिलांना मी फोन घेऊन बोलावले. त्यांच्या ॲपमध्ये व्यवहार उघडला. वर हिरवी खूण, `Success`. खाली बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक. त्याच्याही खाली, जिथे सहसा कोणी बघत नाही तिथे, क्यूआरबरोबर आलेला शेरा, आणि त्या शेऱ्यात तुमचा ऑर्डर क्रमांक. शेवटचे चार आकडे ४४१७. मग तुमच्या पोर्टलवर तिच्या अर्जाचे पान उघडले. तिथे ऑर्डर क्रमांक होता, पण शेवटी ६०९३.

नऊ वर्षे असले फरक शोधले आहेत, त्यामुळे पुढचे सांगायला कोणी लागले नाही. ६०९३ म्हणजे तिने नुसते बघायला उघडून बंद केलेला दुसरा क्यूआर. तुमचे पोर्टल प्रत्येक अर्जापुढे एकच ऑर्डर क्रमांक ठेवते, शेवटचा. नवा प्रयत्न सुरू झाला की जुन्यावर नवा लिहिला जातो. `Verify Payment` बटण ६०९३ बद्दल विचारत होते आणि गेटवे खरे उत्तर देत होता, की ६०९३ वर कोणी पैसे भरलेले नाहीत. सोमवारच्या फाइलीत ४४१७ ची ओळ ५६० रुपयांसह हजर असणार, पण तुमच्या बाजूला ४४१७ नावाचे कोणी उरले नव्हते. आमच्या भाषेत याला बेवारस जमा म्हणायचे. जमा आहे, धनी नाही.

उरलेले तीन फॉर्म का सुटले, हेही मग विचारून घेतले. तिघांनीही रागाने म्हणा, कंटाळ्याने म्हणा, पुन्हा `Pay Now` दाबले नव्हते.

हेल्पलाइनच्या 'पाच दिवसां'बद्दल थोडे लिहितो. हा आकडा हवेतला नाही. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराच्या बाजूला व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ती आपोआप उलटली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. पण हा नियम बँकांच्या साखळीत अडकलेल्या पैशांचा आहे. ॲपमध्ये `Pending` किंवा `Failed` दिसते आणि खात्यातून रक्कम गेलेली असते, तेव्हा तो लागतो, आणि तेव्हा थांबणे हेच बरोबर. जिथे `Success` आहे तिथे बँकांचे काम संपलेले आहे, रक्कम तुमच्या बाजूला उतरलेली आहे, उलटवायला कोणाकडे काही शिल्लक नाही. तुमची हेल्पलाइन दोघांनाही एकच उत्तर देते. `Success` दिसणारा उमेदवार मग पाच दिवस न येणाऱ्या पैशांची वाट बघतो आणि तेवढ्यात त्याची मुदत जाते. अशा वेळी बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊनही उपयोग नाही, कारण बँकेची चूकच नसते. हे एवढे वेगळे करायला हेल्पलाइनवरच्या माणसाने एकच प्रश्न विचारायला हवा: ॲपमध्ये त्या व्यवहारावर नेमका कोणता शब्द लिहिला आहे?

सोमवारी दुपारी आम्ही तुम्हाला ईमेल पाठवला. त्यात अर्ज क्रमांक, दोन्ही ऑर्डर क्रमांक आणि त्यांतला पैसे भरलेला कोणता ते, बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि वडिलांच्या खात्याच्या उताऱ्याचे एक पान. एसएमएसचा स्क्रीनशॉट मुद्दाम लावला नाही. 'तुमच्या खात्यातून ५६० वजा' एवढ्यावर तुमचा माणूस काय शोधणार? ५६० रुपयांच्या ओळी तर त्या फाइलीत पानोपानी असतील. आणि खाते वडिलांचे, अर्ज मुलीचा, म्हणजे नावावरूनही जुळणार नाही. हे लिहायचे कारण असे, की तुमच्या तक्रारीच्या फॉर्मवर जागा आहे ती फक्त 'स्क्रीनशॉट जोडा' एवढीच. संदर्भ क्रमांकाला रकानाच नाही. पोरे स्क्रीनशॉट जोडतात, तुमचा कारकून तो मोठा करून आकडे वाचायचा प्रयत्न करतो, आणि दोघांचाही दिवस जातो.

बुधवारी दुपारी चारला पान बदलले: `Paid`. तारीख लिहिली होती बुधवारची. ईमेलला उत्तर काही आले नाही, पण काम झाले, त्याबद्दल त्या टेबलावरच्या अनोळखी माणसाचे आभार. मला माहीत आहे की त्याने ती ओळ हाताने शोधली.

मात्र इथे नवीनच अडचण निघाली. तुमच्याकडे `Final Submit` बटण फी जमा झाल्यावरच उघडते, आणि ते शनिवारी रात्री ११.५९ ला सगळ्यांसाठी बंद झाले होते. म्हणजे पोरीने मुदतीच्या दोन तास बावीस मिनिटे आधी फी भरली, तुम्ही ती भरल्याचे मान्य केले, आणि तरी अर्ज अपूर्ण. गुरुवारी पुन्हा ईमेल, पुन्हा फोन. शुक्रवारी केव्हातरी ते बटण उघडले. कळवले कोणालाच नाही. तिला मी सकाळ-संध्याकाळ पान बघत जा म्हणून सांगून ठेवले होते, म्हणून सापडले. पाच वाजून वीस मिनिटांनी अर्ज गेला. सात वाजता भाच्याने सहज पाहिले तर बटण पुन्हा बंद. अशीच अडकलेली आणखी किती मुले त्या दुपारी क्लासमध्ये बसली होती, कोण जाणे.

आता मागणे. फार मोठे नाही, आणि नवे मशीन घ्यावे लागेल असेही काही नाही.

प्रत्येक अर्जापुढे सगळ्या प्रयत्नांचे ऑर्डर क्रमांक राहू द्या, जुन्यावर नवा लिहू नका. पडताळणी सगळ्यांची करा, आणि उमेदवाराला ती यादी वेळेसह दिसू द्या. आमच्या वेळी खतावणीत खाडाखोड करायची नाही, चुकले तर रेघ मारून खाली नवी नोंद करायची, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवत. कॉम्प्युटर आला म्हणून तो नियम जुना झालेला नाही.

ज्या ऑर्डरचे उत्तर अजून आलेले नाही तिला `Unpaid` म्हणू नका. 'निकाल यायचा आहे' असे काहीतरी लिहा आणि तोवर `Pay Now` लपवा. `Unpaid` वाचून निळे बटण दाबणारे पोर मूर्ख नसते. तुम्हीच त्याला सांगता की फी भरली नाही, म्हणून ते भरते. लपवायचे किती वेळ, हा प्रश्न मला मान्य आहे. शेवटच्या रात्री पैसे खरोखरच फसले असतील तर बटण लपवून तुम्ही त्याचा दुसरा प्रयत्नही हिरावून घ्याल. माझ्या मते अर्धा तास पुरे. पण त्यानंतर बटण दाखवताना शेजारी स्पष्ट लिहा, की दोनदा फी गेली तर एक परत मिळेल आणि ती कोणत्या मार्गाने. एनटीएच्या माहितीपुस्तिकेत असे वाक्य असते: प्रश्न सुटलाच नाही तर उमेदवार दुसऱ्यांदा फी भरू शकतो, आणि ताळमेळ झाल्यावर जादा रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत जाते. तुमच्या सूचनांत मी हे शोधले, सापडले नाही.

आणि मुदतीसाठी तारीख धरा ती बँकेच्या नोंदीतली, तुम्ही `Paid` लिहिल्याची नव्हे. गेटवेच्या फाइलीत प्रत्येक ओळीला वेळ असते, ती जुळवताना फेकून देऊ नका. यूपीएससीकडे पहा. ज्यांची फी बँकेकडून पोचली नाही त्यांची यादी ते संकेतस्थळावर लावतात आणि पुरावा द्यायला दहा दिवस देतात. तुम्ही दहा देऊ नका, तीन द्या. पण ते दिवस आधी जाहीर करून द्या, शुक्रवारी दुपारी गुपचूप नको.

दुकानात येणाऱ्या पोरांना मी काय सांगतो तेही लिहितो, म्हणजे तुमच्या सूचनांशी विसंगत असेल तर कळवाल. पैसे कटले आणि पान `Unpaid` असेल तर आधी कशालाही हात न लावता पानावरचा ऑर्डर क्रमांक वहीत लिहा. मग ॲप उघडून शब्द बघा. `Success` असेल तर दहा मिनिटांनी `Verify Payment`, झाले नाही तर तासाने पुन्हा. मुदतीला दोन दिवस असतील तर `Pay Now` दाबायचेच नाही, बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी दुपारपर्यंत थांबायचे. शेवटची रात्र असेल तर अकरापर्यंत वाट पाहायची आणि मग दुसऱ्यांदा भरायचे, ५६० बुडाले तरी चालतील असे धरून. वर्ष त्याहून महाग आहे. क्यूआरचा फोटो वडिलांना पाठवू नका, वडिलांकडून पैसे आपल्या खात्यात मागवा आणि मग स्वतः स्कॅन करा.

शेवटच्या रात्री दुसऱ्यांदा भरण्याचा सल्ला एका मुलाने अगदी अक्षरशः पाळला. त्याच शनिवारी, दुसऱ्या दुकानातून, त्याने रात्री अकराला दुसऱ्यांदा फी भरली. अर्ज गेला. दोन्ही व्यवहार `Success`. बँक म्हणते दोन्ही पैसे पोचले, आमच्याकडे काही राहिले नाही, आणि ते बरोबर आहे. परतावा फक्त तुम्हीच देऊ शकता. त्याचा अर्ज क्रमांक, दोन्ही ऑर्डर क्रमांक आणि संदर्भ क्रमांक आम्ही वेगळ्या ईमेलने पाठवले आहेत, विषयाच्या ओळीत 'दुहेरी फी' असे लिहून. त्याचे ५६० रुपये कोणत्या टेबलावर आहेत आणि कधी सुटतील, एवढे कळवावे. उत्तर हिंदीत दिलेत तरी चालेल.

आपला,
रामबाग, इंदूर येथील एक निवृत्त बँक कर्मचारी